उत्क्रांतिवृक्षाचे चित्राविना वाचन

उत्क्रांतिवृक्षाचे चित्राविना वाचन म्हणजे वंशवृक्षाची आकृती उपलब्ध नसताना तिच्यासोबतचा मजकूर, कंसातील लेखन किंवा अंतरांचा तक्ता यांच्या आधारे कोणत्या जाती परस्परांच्या सर्वांत जवळच्या आहेत हे ठरविण्याची पद्धत होय. छायाप्रतीत आकृती पुसट होते, संगणकावर पानातील चित्र उघडत नाही, किंवा दृष्टिहीन वाचकापर्यंत केवळ मजकूर पोहोचतो, अशा प्रसंगी या पद्धतीचा उपयोग होतो. वृक्षाची माहिती रेषांच्या मांडणीत नसून जातींच्या एकात एक सामावलेल्या गटांत असते. ते गट कोणत्याही स्वरूपात शिल्लक असले, तर चित्र गेल्याने माहिती जात नाही.

या लेखात ठाणे खाडी आणि ठाणे–कल्याण–डोंबिवली परिसरातील पाणथळ जागांच्या पक्ष्यांचे उदाहरण घेतले आहे. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे, म्हणजेच फ्लेमिंगोंचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये त्याचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत झाला. खाडीत लहान रोहित व मोठा रोहित या दोन जाती आढळतात. रोहिताचे नातलग कोण, या प्रश्नाचे उत्तर केवळ रूपावरून दिल्यास ते चुकते. त्यामुळे वृक्ष नीट वाचता येणे येथे विशेष आवश्यक ठरते.

## उदाहरणाची पार्श्वभूमी

उंच पाय, लांब मान आणि उथळ पाण्यात चालत अन्न शोधण्याची सवय यांमुळे रोहिताला पूर्वी करकोचे व बगळे यांच्या जवळ ठेवले जात असे. दुसऱ्या बाजूने त्याची जाळीदार पायाची बोटे, चोचीतील गाळणी आणि अंगावरील उवांचे प्रकार बदकांशी जुळतात. म्हणून तो बदकांचा नातलग असावा असेही मत होते. २००१ मध्ये व्हॅन टुइनेन व सहकाऱ्यांनी डीएनएच्या आधारे वेगळेच नाते दाखविले. त्यांच्या निष्कर्षानुसार रोहिताचे सर्वांत जवळचे नातलग टिबुकलीच्या कुळातील पक्षी आहेत.

टिबुकली हा तळ्यात बुड्या मारणारा, आखूड पायांचा, लहान पक्षी आहे. त्याच्यात आणि रोहितात वरवर पाहता काहीच साम्य दिसत नाही. तरीही नंतर शरीररचनेतही या नात्याचे पुरावे मिळाले. उदाहरणार्थ, दोन्ही गटांच्या अंड्यांवर कॅल्शियम फॉस्फेटचा खडूसारखा थर असतो. रोहित व टिबुकली यांच्या एकत्रित गटाला २००५ मध्ये ‘मिरँडॉर्निथिस’ असे नाव देण्यात आले.

## ‘जवळचे नाते’ म्हणजे काय

उत्क्रांतिवृक्षात दोन जातींची जवळीक एकाच कसोटीवर ठरते, ती म्हणजे त्यांचा शेवटचा सामाईक पूर्वज किती अलीकडचा आहे. रोहित व टिबुकली यांचा सामाईक पूर्वज रोहित व करकोचा यांच्या सामाईक पूर्वजाहून अलीकडचा आहे. म्हणून रोहित टिबुकलीला जवळचा ठरतो. दिसण्यातील साम्य, राहण्याची जागा किंवा कागदावरील शेजार यांचा या कसोटीशी संबंध नसतो.

एका पूर्वजापासून निघालेल्या सर्व वंशजांच्या समूहाला वंशगट म्हणतात. वंशगट कुटुंबांसारखे एकात एक सामावलेले असतात. एखाद्या जातीपासून सुरुवात करून क्रमाने मोठ्या होत जाणाऱ्या गटांकडे गेल्यास, दुसरी जाती ज्या गटात प्रथम सापडते तो गट त्या दोघींच्या शेवटच्या सामाईक पूर्वजाचा असतो. चित्र असो वा नसो, वाचनाची कृती हीच असते.

## कंसलेखन

वंशगट मजकुरात लिहिण्यासाठी गोल कंसांचा वापर करतात. वृक्ष आणि कंस यांच्यातील हा मेळ गणितज्ञ आर्थर केली यांनी १८५७ मध्ये दाखविला होता. आज संगणकावर रूढ असलेले त्याचे रूप १९८६ मध्ये जोसेफ फेल्सेन्स्टाइन आदी संशोधकांनी निश्चित केले. त्यांची अखेरची बैठक अमेरिकेतील डोव्हर गावच्या ‘न्यूइक्स’ या उपाहारगृहात झाल्यामुळे या लेखनाला ‘न्यूइक लेखन’ असे नाव पडले.

या लेखनात कंसाची प्रत्येक जोडी एक वंशगट, म्हणजेच एक सामाईक पूर्वज दर्शविते. स्वल्पविरामाने त्या पूर्वजाच्या शाखा वेगळ्या होतात आणि अर्धविरामाने वृक्ष संपतो. नावात रिकामी जागा चालत नसल्याने तिच्या जागी अधोरेखा वापरतात. आठ पक्ष्यांचा वृक्ष पुढीलप्रमाणे लिहिता येतो:

```
((((मोठा_रोहित,लहान_रोहित),टिबुकली),शेकाट्या,(चित्रबलाक,(राखी_बगळा,शराटी))),बदक);
```

वाचनास सुरुवात करण्यापूर्वी उघडणारे व बंद होणारे कंस मोजून पाहावेत. येथे दोन्ही सहा-सहा आहेत. हे आकडे जुळत नसतील, तर नक्कल करताना एखादा कंस सुटलेला असतो आणि तो कोठे होता हे अंदाजाने ठरविता येत नाही. कंसाची जागा बदलली की नातेही बदलते.

## मोजणीची रीत

लहान रोहिताच्या सर्वांत जवळची जाती कोणती, हे शोधण्यासाठी ओळ डावीकडून वाचत एक मोजणी चालू ठेवावी. उघडणारा कंस आला की संख्येत एक मिळवावा आणि बंद होणारा कंस आला की एक वजा करावा. प्रत्येक नावापाशी जी संख्या येते तेवढ्या कंसांच्या आत ते नाव असते. वरील ओळीत दोन्ही रोहितांपाशी संख्या ४, टिबुकलीपाशी ३, शेकाट्यापाशी २, चित्रबलाकापाशी ३, राखी बगळा व शराटी यांच्यापाशी ४ आणि बदकापाशी १ येते.

दोन जातींचे नाते मात्र नावापाशी आलेल्या संख्येवरून ठरत नाही. एका नावापासून दुसऱ्यापर्यंत जाताना वाटेत संख्या कमीत कमी किती झाली, हे पाहावे लागते. तीच त्या दोघींना सामावणाऱ्या सर्वांत लहान कंसाची पातळी असते. लहान रोहितापासून निघाल्यास पुढील संख्या मिळतात:

| लहान रोहितासोबतची जाती | वाटेतील किमान संख्या |
|---|---|
| मोठा रोहित | ४ |
| टिबुकली | ३ |
| शेकाट्या | २ |
| चित्रबलाक | २ |
| राखी बगळा | २ |
| शराटी | २ |
| बदक | १ |

संख्या जितकी मोठी, तितका सामाईक पूर्वज अलीकडचा. लहान रोहिताला सर्वांत जवळचा मोठा रोहित, त्यानंतर टिबुकली, आणि त्यानंतर शेकाट्या, चित्रबलाक, बगळा व शराटी हे चौघे सारख्याच अंतरावर आहेत. बदक सर्वांत दूरचे आहे. टिबुकली आणि चित्रबलाक या दोघांपाशीही ३ ही संख्या येते, परंतु चित्रबलाकापर्यंत जाताना संख्या २ पर्यंत उतरते. त्यामुळे चित्रबलाक टिबुकलीएवढा जवळचा ठरत नाही.

या रीतीला एक मर्यादा आहे. तुलनेतील दोन्ही जोड्यांत एक जाती समान असली पाहिजे. ‘लहान रोहित–टिबुकली’ व ‘लहान रोहित–चित्रबलाक’ यांची तुलना योग्य आहे, कारण दोन्ही पूर्वज लहान रोहिताच्याच पूर्वजांच्या ओळीत येतात. ‘मोठा रोहित–लहान रोहित’ आणि ‘राखी बगळा–शराटी’ या जोड्यांची किमान संख्या ४ असली, तरी त्यांचे पूर्वज एकाच काळातील होते असा अर्थ निघत नाही. ते वेगवेगळ्या शाखांवर आहेत, आणि कालमापनाची माहिती नसल्यास त्यांचा क्रम सांगता येत नाही.

## शेजारामुळे होणारी चूक

कंसलेखनात सर्वाधिक होणारी चूक म्हणजे ओळीत शेजारी असलेली नावे जवळची मानणे. कंसाच्या आतील शाखांची अदलाबदल केली तरी वृक्ष तोच राहतो. फुलपाट्या फिरत असलेल्या झुंबराप्रमाणे प्रत्येक संधी स्वतःभोवती फिरू शकते. म्हणून वरील वृक्ष असाही लिहिता येतो:

```
(बदक,(शेकाट्या,((शराटी,राखी_बगळा),चित्रबलाक),(टिबुकली,(लहान_रोहित,मोठा_रोहित))));
```

येथे चित्रबलाक आणि टिबुकली यांच्यामध्ये एकच स्वल्पविराम आहे, तर टिबुकली व मोठा रोहित यांच्यामध्ये दोन आहेत. शेजार पाहणारा वाचक टिबुकलीला चित्रबलाकाची नातलग ठरवील. मोजणी केली, तर चित्रबलाकापासून टिबुकलीपर्यंत जाताना संख्या २ पर्यंत उतरते आणि टिबुकलीपासून मोठ्या रोहितापर्यंत ती ३ च्या खाली जात नाही. दोन्ही ओळींतून प्रत्येक जोडीची किमान संख्या सारखीच येते. दोन लेखने एकाच वृक्षाची आहेत की नाहीत, हे ओळखण्याची खूणही हीच आहे.

टिबुकली दोन्ही रोहितांना सारखीच जवळची आहे, हेही यातून दिसते. ओळीत लहान रोहित तिच्या अधिक जवळ लिहिलेला असला, तरी तिचा व दोन्ही रोहितांचा पूर्वज एकच आहे.

## तीन शाखांचा कंस

पहिल्या ओळीत एका कंसात तीन शाखा आल्या आहेत: रोहित–टिबुकली गट, शेकाट्या, आणि चित्रबलाक–बगळा–शराटी गट. तीन वंश एकाच क्षणी फुटले असा याचा अर्थ बहुधा नसतो. त्यांचा क्रम निश्चित सांगता येत नाही, असे त्यातून सूचित होते.

या उदाहरणात ती अनिश्चितता खरी आहे. २०१४ मध्ये ४८ पक्षिजातींच्या संपूर्ण जनुकसंचांवर आधारलेल्या अभ्यासात रोहित–टिबुकली गट कबुतरांच्या गटाजवळ आला. २०१५ मध्ये १९८ पक्षिजातींच्या अभ्यासात तो शेकाट्या ज्या गटात येतो त्या किनारपक्ष्यांजवळ आला. २०२४ मध्ये ३६३ जातींच्या अभ्यासात तो आधुनिक पक्ष्यांच्या ‘निओएव्हिस’ या मोठ्या गटातील इतर सर्वांपासून प्रथम वेगळा झालेला दिसला. तिन्ही अभ्यासांत रोहित व टिबुकली यांना सामावणारा आतला कंस कायम राहिला, फक्त बाहेरच्या कंसांची मांडणी बदलली. म्हणून ‘रोहिताला टिबुकली जवळची’ हे विधान ठामपणे करता येते, परंतु ‘त्यानंतर शेकाट्या जवळचा’ हे विधान एका विशिष्ट वृक्षापुरतेच राहते.

## मूळ नसलेला वृक्ष

अनेक संगणकीय कार्यप्रणाली वृक्षाचे मूळ न ठरविताच तो लिहितात. अशा लेखनात सर्वांत बाहेरच्या कंसात बहुधा तीन शाखा असतात. त्या वेळी बाहेरचा कंस पूर्वज दर्शवीत नाही. लेखन कोठून तरी सुरू करायचे म्हणून तो आलेला असतो. पुढील ओळ पाहावी:

```
(टिबुकली,(मोठा_रोहित,लहान_रोहित),(बदक,चित्रबलाक));
```

ही ओळ मुळासह असल्याचे मानले, तर चित्रबलाकाला बदक सर्वांत जवळचे असल्याचा निष्कर्ष निघतो, आणि तो चुकीचा आहे. बदक व कोंबडी यांचा वंश या इतर पक्ष्यांच्या वंशापासून आधीच वेगळा झाला, हे स्वतंत्र पुराव्यांवरून ज्ञात आहे. अशा ज्ञात दूरच्या जातीला बाह्यगट म्हणतात. बदकाला बाह्यगट मानून त्याच्या शाखेवर मूळ ठेवल्यास तोच वृक्ष असा होतो:

```
(बदक,(चित्रबलाक,(टिबुकली,(मोठा_रोहित,लहान_रोहित))));
```

दोन्ही ओळींत शाखांची जोडणी एकच आहे, केवळ पूर्वजांकडे जाण्याची दिशा ठरली आहे. आता चित्रबलाक बदकापेक्षा टिबुकली व रोहित यांना जवळचा दिसतो. चित्र हरवले असता लेखात ‘मूळ’ किंवा ‘बाह्यगट’ यांचा उल्लेख शोधणे म्हणूनच आवश्यक असते. तो नसेल आणि बाहेरच्या कंसात तीन शाखा असतील, तर जवळीक ठरविण्याचे काम तेथेच थांबवावे लागते.

## केवळ अंतरांचा तक्ता उरल्यास

काही लेखांत वृक्ष नसतो, परंतु जातींच्या डीएनएमधील फरकांचा तक्ता असतो. सर्वांत कमी फरक असलेली जोडी सर्वांत जवळची, असे मानण्याचा मोह होतो. सर्व वंशांत बदलाचा वेग सारखा असेल तरच हे खरे ठरते. एखाद्या वंशात बदल जलद झाले, तर ती जाती आपल्या सख्ख्या नातलगापासूनही दूर दिसते.

पुढील आकडे प्रत्यक्ष मापनातील नाहीत. ते केवळ रीत स्पष्ट करण्यासाठी घेतले आहेत. त्यांत टिबुकलीच्या वंशात बदल जलद झाले असे गृहीत धरले आहे.

| | टिबुकली | चित्रबलाक | बदक |
|---|---|---|---|
| रोहित | ११ | ७ | १० |
| टिबुकली | – | १४ | १७ |
| चित्रबलाक | – | – | ९ |

सर्वांत लहान आकडा रोहित व चित्रबलाक यांच्यातील ७ हा आहे. त्यावर विसंबल्यास रोहित पुन्हा करकोच्यांच्या जवळ जाऊन बसतो. ही चूक टाळण्यासाठी चार जातींच्या दोन-दोन जोड्या तीनही प्रकारे करून त्यांच्या बेरजा पाहतात:

- रोहित–टिबुकली आणि चित्रबलाक–बदक: ११ + ९ = २०
- रोहित–चित्रबलाक आणि टिबुकली–बदक: ७ + १७ = २४
- रोहित–बदक आणि टिबुकली–चित्रबलाक: १० + १४ = २४

ज्या मांडणीची बेरीज सर्वांत लहान येते, त्या मांडणीतील जोड्या वृक्षाच्या एकेका बाजूला असतात. याचे कारण असे, की या मांडणीत दोन बाजूंना जोडणारी मधली शाखा एकदाही मोजली जात नाही, तर उरलेल्या दोन मांडण्यांत ती दोनदा मोजली जाते. टिबुकलीची लांब शाखा तिन्ही बेरजांत एकेकदा येते, म्हणून तिच्या लांबीचा निकालावर परिणाम होत नाही. मोठ्या दोन बेरजा आणि लहान बेरीज यांतील फरक ४ आहे, म्हणजे मधल्या शाखेची लांबी त्याच्या निम्मी, २ एवढी आहे.

येथे रोहित व टिबुकली एका बाजूला, तर चित्रबलाक व बदक दुसऱ्या बाजूला येतात. हा वृक्षही मूळ नसलेलाच आहे. बदकाच्या शाखेवर मूळ ठेवले की रोहित व टिबुकली परस्परांच्या सर्वांत जवळच्या ठरतात. प्रत्यक्ष मापनात मोठ्या दोन बेरजा तंतोतंत समान येत नाहीत, पण त्या परस्परांच्या जवळ असाव्यात. तिन्ही बेरजा जवळजवळ सारख्याच असतील, तर मधली शाखा फार लहान आहे आणि तेवढ्या माहितीवरून नाते ठरत नाही, असे समजावे.

## ज्यातून वृक्ष मिळत नाही

चित्रासोबत कंस, गटांचे वर्णन व तक्ता हे सर्वच गेले आणि केवळ जातींची यादी उरली, तर तीतून वृक्ष परत मिळविता येत नाही. मूळ असलेले व प्रत्येक संधीला दोनच शाखा असलेले वृक्ष चार जातींसाठी १५ असू शकतात, तर आठ जातींसाठी १,३५,१३५. यादीचा क्रम त्यांतील एकही निश्चित करीत नाही, कारण शाखा फिरवून एकाच वृक्षातील नावे अनेक क्रमांनी लिहिता येतात.

गटांचे एखादे स्पष्ट वाक्य मात्र पुष्कळ काही सांगून जाते. ‘रोहित व टिबुकली हे भगिनी गट असून बदक बाह्यगट आहे’ एवढ्या मजकुरावरून एक कंस आणि वृक्षाचे मूळ निश्चित होते. आणखी गटांची माहिती मिळत जाईल तसे त्याभोवती कंस वाढविता येतात. ज्या जातीचे स्थान मजकुरात सांगितलेले नाही, ती रूपावरून कोणत्याही कंसात घालू नये. रोहिताला करकोच्यांत बसविण्याची चूक त्याच वाटेने झाली होती.